सूचना: न पाहिलेल्या ग्रंथाचा संदर्भ देताना

सातारा इतिहास अभ्यास गटाच्या सर्व सभासदांना,

वार्षिक अंकाचे लेख तपासताना दोन लेखांत एकच तळटीप सापडली: ‘ग्रँट डफ, 1826, खंड 2’ आणि पुढे तोच पृष्ठ क्रमांक. मूळ उघडून पाहिलं, तर त्या पानावर वेगळाच मजकूर. दोघांनीही टीप एकाच मराठी पुस्तकातून उचलली होती. त्या लेखकाने वापरली होती 1921 ची दोन खंडांची आवृत्ती, पण साल मात्र पहिल्या, तीन खंडांच्या आवृत्तीचं लिहिलं होतं. खंड बदलले की पानं बदलतातच. चूक त्याची, पण आता ती आपल्या सभासदांच्या नावावर लागली असती. शिवाय सारखी चूक दिसली की उसनवारी लगेच कळते. (साताऱ्याच्या रेसिडेंटचा ग्रंथ आपणच न उघडावा, याची गंमत वाटते.)

यापुढे मूळ पाहिलं नसेल तर टीप अशी द्यावी: ‘ग्रँट डफ, 1826, उद्धृत: अमुक लेखक, पुस्तक, साल, पृ. 88’. ग्रंथसूचीत फक्त ते हाताळलेलं पुस्तक घालावं, डफ नाही. स्कॅन वाचला असेल तर साल मुखपृष्ठावरच्या नव्हे, आतल्या शीर्षकपानावरून घ्यावं. पुनर्मुद्रणांत दोन्ही सालं वेगळी असू शकतात. एकच प्रकरण वाचलं असेल तर तेवढीच पानं लिहावीत.

दुरुस्त लेख येत्या रविवारच्या बैठकीत आणावेत. मूळ पानाचा फोटो असल्यास सोबत जोडावा.

— संपादन समिती