लेखाकर्म प्रश्नसंचाच्या चुकीच्या उत्तरसूचीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: बारावी वाणिज्य शाखेच्या प्रश्नसंचातील 'विधान आणि कारण' प्रश्नांची चुकीची उत्तरे

महोदय / महोदया,

मी वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्यात जमाखर्च लिहिते आणि संध्याकाळी गावातल्या अकरावी-बारावीच्या मुलांना लेखाकर्म शिकवते. त्या मुलांसाठी तुमच्या प्रश्नसंचाच्या प्रती मी पैसे भरून मागवल्या. छपाई, कागद, बांधणी यांबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती लेखांकन संकल्पनांच्या प्रकरणातल्या विधान-कारण प्रश्नांच्या उत्तरसूचीबद्दल.

याबाबत तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला होता. "मॅडम, दोन्ही वाक्यं बरोबर आहेत ना? मग उत्तर 'अ'च येणार," असे सांगून त्यांनी विषय संपवला. नेमके हेच चुकते आहे, म्हणून हे पत्र.

या प्रश्नांत पर्याय चार असतात. 'अ' म्हणजे विधान व कारण दोन्ही बरोबर आणि कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण. 'ब' म्हणजे दोन्ही बरोबर, पण कारण हे स्पष्टीकरण नाही. 'क' आणि 'ड' मध्ये दोहोंपैकी एक चूक. दोन्ही वाक्ये खरी आहेत एवढ्यावर उत्तर ठरत असते तर 'ब' हा पर्याय छापायची गरजच नव्हती. पाऊस पडतो हे खरे आणि समुद्राला भरती येते हेही खरे, पण भरती पावसामुळे येत नाही. तुमच्या सूचीत मात्र जिथे दोन्ही वाक्ये खरी आहेत, तिथे सरसकट 'अ' छापले आहे.

पहिला प्रश्न घ्या. विधान: अखेरच्या मालसाठ्याचे मूल्यांकन मूळ किंमत किंवा बाजारमूल्य यांपैकी जे कमी असेल त्या किमतीला करतात. कारण: मूळ किंमत संकल्पनेनुसार मालमत्ता ज्या किमतीला घेतली त्या किमतीला पुस्तकात नोंदवतात. तुमचे उत्तर 'अ'.

आमच्याच धंद्यातले उदाहरण देते, आकडे सोपे घेतले आहेत. ३१ मार्चला गोदामात २०० किलो काजूगर आहे आणि तो तयार करायला किलोमागे ७०० रुपये खर्च आला आहे. म्हणजे मूळ किंमत १,४०,००० रुपये. बाजारात भाव ६८० रुपये आहे आणि विकताना दलाली व वाहतूक मिळून किलोमागे ३० रुपये जातील. तेव्हा हातात येणार ६५० रुपये. लेखामानक २ मध्ये यालाच निव्वळ वसुली मूल्य म्हटले आहे. शालेय पुस्तके ढोबळमानाने 'बाजारमूल्य' म्हणतात. साठा पुस्तकात १,३०,००० रुपयांना दाखवला जातो आणि १०,००० रुपयांचा तोटा माल विकण्याआधीच या वर्षाच्या नफ्यातून वजा होतो.

आता तुमचे कारण इथे लावून बघा. मूळ किंमत संकल्पना एवढेच सांगते की ७०० ला पडला तर ७०० ला दाखवा. तिच्यावरून साठा १,४०,००० रुपयांनाच राहायला हवा, १,३०,००० कुठून आले ते ती सांगू शकत नाही. उलट, साठ्याचा नियम हा त्या संकल्पनेला केलेला अपवाद आहे. जे कारण विधानाच्या विरुद्ध टोकाला नेते, ते विधानाचे स्पष्टीकरण कसे होईल?

खरे स्पष्टीकरण सावधगिरीच्या तत्त्वात आहे: होऊ घातलेल्या तोट्याची तरतूद करा, न मिळालेला नफा धरू नका. हे तत्त्व लावले की दोन्ही बाजू सुटतात. वसुली मूल्य ६५० असेल तर साठा खाली आणायचा, आणि ७६० असेल तरी ७०० वरच ठेवायचा. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर 'ब'.

वर्गात मी मुलांना एवढेच सांगते की आधी विधान झाकून ठेवा. फक्त कारण वाचा आणि त्यातून कोणता नियम निघेल तो स्वतः लिहा. मग विधान उघडा. तोच नियम निघाला असेल तर 'अ' चा विचार करा. दुसराच निघाला असेल, तर दोन्ही वाक्ये कितीही खरी असोत, 'ब'.

दुसरा प्रश्न जास्त फसवा आहे. विधान: मालकाने घरी नेलेला माल उचल म्हणून नोंदवतात. कारण: प्रत्येक व्यवहाराचे दोन परिणाम होतात. इथेही तुमचे 'अ', आणि मुलांनाही ते पटते, कारण नोंद खरोखरच दुहेरी आहे: उचल खाते नावे, खरेदी खाते जमा. पण दुकानाचे भाडे दिले तरी दोन परिणाम होतात, पगार दिला तरी होतात. जे कारण वहीतल्या प्रत्येक नोंदीला लागू पडते, ते या एका नोंदीबद्दल वेगळे काही सांगत नाही. नावे आणि जमा अशा दोन बाजू का, याचे उत्तर त्यात मिळते. नावेची बाजू 'उचल'च का, याचे नाही. त्याचे उत्तर व्यवसाय आणि मालक वेगळे मानण्यात आहे. मालक आणि दुकान एकच धरले तर घरी नेलेला माल हा व्यवहारच राहत नाही. म्हणून हेही 'ब'. कारणाच्या जागी 'व्यवसायाचे अस्तित्व मालकापासून वेगळे मानतात' असे छापले असते, तर 'अ' बरोबर ठरले असते.

सगळेच प्रश्न इतके स्वच्छ सुटतात असा माझा दावा नाही. घसारा का आकारतात याचे कारण म्हणून तुम्ही 'व्यवसाय दीर्घकाळ चालणार हे गृहीत धरतात' असे दिले आहे. या गृहीतकाशिवाय यंत्राची किंमत पुढच्या वर्षांवर वाटताच येणार नाही, म्हणून 'अ' म्हणणारे चूक नाहीत. पण प्रत्येक वर्षाच्या उत्पन्नासमोर त्याच वर्षाचा खर्च मांडायचा, हे जुळणीचे तत्त्व घसाऱ्याच्या अधिक जवळचे आहे, आणि त्या अंगाने कोणी 'ब' लिहिले तर त्यालाही शून्य देणे मला जड जाईल. असा प्रश्न एका गुणाला विचारूच नये, किंवा कारणाचे वाक्य नेमके करावे.

मुले सहामाहीची तयारी याच संचावरून करत आहेत. वर्गातल्या एका मुलीने साठ्याच्या प्रश्नाला योग्य 'ब' लिहिले होते. तुमची सूची पाहून तिने ते खोडून 'अ' केले. माझ्या मागण्या अशा:

या प्रकरणाची उत्तरसूची विषय जाणणाऱ्या शिक्षकाकडून पुन्हा तपासून घ्यावी. दुरुस्तीपत्रक सर्व ग्राहकांना मोफत पाठवावे आणि त्यात नुसते अक्षर न छापता, प्रत्येक 'अ' आणि 'ब' साठी ते का, हे एकदोन वाक्यांत द्यावे. घसाऱ्याचा प्रश्न गाळावा किंवा बदलावा. हे पंधरा दिवसांत जमणार नसेल तर सर्व प्रती परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी. दोन्हीपैकी काही न झाल्यास मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.

सोबत खरेदीची पावती आणि संबंधित पानांच्या छायाप्रती जोडल्या आहेत. उत्तर लेखी द्यावे, फोनवर नको.

आपली,
(सही)
वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग