विषय: न मिळालेला लाभांश आणि अडकवून ठेवलेले बोनस शेअर्स

प्रति,
गुंतवणूकदार तक्रार निवारण अधिकारी

फोंडा, गोवा

महोदय,

माझ्याकडे आपल्या कंपनीचे २०० शेअर्स कागदी प्रमाणपत्रांच्या रूपात आहेत. गेल्या वर्षी आपण प्रति शेअर ६ रुपये लाभांश दिला आणि त्यानंतर एकास एक बोनस जाहीर केला. माझे १,२०० रुपये आणि २०० बोनस शेअर्स अजूनही आपल्याकडेच आहेत.

फोलिओत केवायसी अपुरी असेल तर १ एप्रिल २०२४ पासून कागदी शेअर्सवरचा लाभांश रोखला जातो, आणि बोनस शेअर्स डीमॅटमध्येच द्यावे लागत असल्याने कागदी भागधारकाचा वाटा कंपनीच्या सस्पेन्स खात्यात ठेवला जातो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच मी पॅन, रद्द केलेला धनादेश आणि डीमॅट खात्याची क्लायंट मास्टर लिस्ट यांसह आयएसआर-१ आणि आयएसआर-२ हे दोन्ही अर्ज आपल्या रजिस्ट्रारकडे पाठवले. आयएसआर-२ वर फोंड्यातील माझ्या बँकेच्या व्यवस्थापकाने माझी सही साक्षांकित केली आहे. या सर्व कागदांची नावे असलेली, शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे.

तरीही काल फोनवर आपल्या रजिस्ट्रारच्या कर्मचाऱ्याने सांगितले, "तुमची सही जुळत नाही, म्हणून अर्ज बंद केला." कित्येक वर्षांत सही बदलते, आणि त्यासाठीच बँकेची साक्षांकित प्रत मागितली जाते, असे मी म्हणालो. त्यावर उत्तर मिळाले, "मग आयएसआर-२ पाठवा." मी पोचेवरचे नाव वाचून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "काका, बाराशे रुपयांसाठी एवढे फोन कशाला करता?" बोनसबद्दल विचारताच, "तुमच्या नावावर बोनस शून्य दिसतो," असे सांगून त्यांनी फोन ठेवला. शेअर्स सस्पेन्स खात्यात असतील तर माझ्या नावावर शून्य दिसणारच. ते तिथून सोडवणे हेच त्यांचे काम आहे, आणि आपल्या पैशाबद्दल विचारणाऱ्या भागधारकाला असे हिणवण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला?

हा विलंब निरुपद्रवी नाही. बोनस शेअर्स सस्पेन्स खात्यात असेपर्यंत त्यांचा मताधिकार गोठलेला असतो, त्यांच्यावरचा लाभांशही माझ्या हाती येत नाही, आणि सलग ७ वर्षे लाभांश न घेतलेले शेअर्स गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. तिथून ते परत मिळवण्यासाठी आयएसआर नव्हे, आयईपीएफ-५ अर्ज भरून पुन्हा पहिल्यापासून सगळे सिद्ध करावे लागते.

आयएसआर-२ आपल्या दप्तरी आहे. तो पाहून केवायसी नोंदवावी, लाभांश माझ्या बँक खात्यात आणि २०० बोनस शेअर्स माझ्या डीमॅट खात्यात जमा करावेत. त्रुटी असेलच तर नेमकी कोणती, ते लेखी कळवावे. कागदपत्रे पूर्ण मिळाल्यानंतरही लाभांश अडवल्याबद्दल कंपनी कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे १८ टक्के व्याजाचा दावा मी राखून ठेवत आहे. २१ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास हे पत्र, पोच आणि या संभाषणाचा तपशील घेऊन मी सेबीच्या स्कोअर्सवर तक्रार दाखल करीन.

आपला,
एक भागधारक