नवा धंदा निवडण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. छापील पिशव्यांचा धंदा लोकांना माल पसंत न पडल्यामुळे बुडाला, असे तू लिहितोस. मात्र तुझ्या वहीतून मला निराळेच दिसते. कापडवाल्याला तू १५ दिवसांत पैसे देत होतास, तयार माल सरासरी ४० दिवस पडून राहत होता आणि विकल्यानंतर दुकानदार ६० दिवसांनी पैसे देत होते. म्हणजे प्रत्येक पिशवीमागे तुझे पैसे ८५ दिवस अडकलेले असत. विक्री वाढली तशी ही अडकलेली रक्कमही वाढत गेली आणि ती भरून काढण्यासाठीच कर्ज घ्यावे लागले.

म्हणून तू सुचवलेली खोक्यांची कल्पना मला पटत नाही. वस्तू बदलली, तरी कच्चा माल, साठा आणि उधारी यांचा फेरा तोच राहील. लहान व्यावसायिकांसाठी लेबले आरेखून ती दुसऱ्याच्या छापखान्यातून करून देण्याची कल्पना मात्र तपासण्याजोगी आहे, कारण त्यात साठा ठेवावा लागत नाही, निम्मी रक्कम आगाऊ मागता येते आणि उरलेली माल देतानाच घेता येते. ती आगाऊ रक्कम छपाईच्या बिलाला पुरेल असाच दर ठरव, नाहीतर खड्डा पुन्हा तुझ्याच खिशातून भरावा लागेल.

आता हिशेब. सोयीसाठी लहान आकडे धरू. महिन्याचा हप्ता १०, धंद्याचा स्थिर खर्च १४ आणि तुझा राहण्या-जेवण्याचा खर्च २४, असे एकूण ४८ झाले. छपाई आणि पोहोचवण्याचा खर्च वजा जाता एका कामामागे ३ उरत असतील, तर महिन्याला १६ कामे हवीत. हप्ता या बेरजेत धरायलाच हवा. नफा काढताना त्यातले व्याज तेवढे खर्चात धरतात आणि मुद्दल त्या नफ्यातूनच फेडावे लागते. त्यामुळे कागदावर नफा दिसत असूनही हप्ता चुकू शकतो. (मागच्या वर्षी तुला पडलेले कोडे बहुधा हेच होते.)

१६ म्हणजे आठवड्याला सुमारे चार कामे. तेवढी मिळतील का, हे कोणाला कल्पना कशी वाटली असे विचारून कळणार नाही, कारण ओळखीचे लोक चांगलेच म्हणतात. नमुना दाखव, दर सांग आणि निम्मी रक्कम माग. तुझे जुने दुकानदार यासाठी उपयोगी आहेत, पण ज्यांनी मागच्या वेळी पैसे रखडवले, त्यांचे काम पूर्ण रक्कम हातात आल्याशिवाय घेऊ नकोस. पहिल्या महिन्यात आगाऊ रक्कम देणारी पाच-सहा कामेही मिळाली नाहीत, तर ही कल्पनाही सोडून दे. तोवर यंत्र, जागा किंवा नवे कर्ज यांतले काहीच घेतलेले नसल्यामुळे नुकसान थोडक्यात आटोपेल.

उरलेल्या पिशव्या पडत्या भावात का होईना, काढून टाक आणि आलेली रक्कम मुद्दलात भर. त्याआधी, मुदतीपूर्वी रक्कम भरल्यास दंड लागतो का, एवढे कर्ज देणाऱ्याला विचारून घे.

तुझे बाबा