चोपन्नाव्या वर्षी पेन्शन घ्यावी का?

सातारा,
रविवार

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती दिल्यापासून तुझ्या मनात पेन्शनचा विचार घोळतो आहे, हे तुझ्या पत्रावरून समजले. कर्मचारी पेन्शन योजनेत म्हणजे आपल्या ईपीएस-९५ मध्ये दहा वर्षांची सेवा झालेल्या आणि नोकरी सुटलेल्या सभासदाला पन्नाशीनंतर केव्हाही पेन्शन मागता येते, हे खरे आहे. ‘आता घटवलेली पेन्शन घेतली, तरी अठ्ठावन्न पूर्ण झाले की पूर्ण पेन्शन आपोआप सुरू होईल’ असे जे तू लिहिले आहेस, ते मात्र खरे नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

माझ्या चुलतभावाचाही हाच समज होता. त्याची पूर्ण पेन्शन ३,००० रुपये बसत होती. त्याने बावन्नाव्या वर्षी अर्ज केला आणि त्याला २,३४८ रुपये मिळू लागले. अठ्ठावन्नावा वाढदिवस झाल्यावर बँकेचे पासबुक घेऊन तो चौकशीला गेला, तेव्हा त्याला कळले की तोच आकडा मरेपर्यंत राहणार आहे. या योजनेत महागाईभत्ताही नसल्याने ती रक्कम दरवर्षी वाढण्याचाही प्रश्न नव्हता.

कपातीमागचे कारण साधे आहे. तुझ्या सेवेच्या बळावर जो हक्क तयार झाला आहे, तो चार वर्षे आधी सुरू केला तर तोच हक्क अठ्ठेचाळीस हप्ते जास्त पुरवावा लागतो. म्हणून अठ्ठावन्नला जितकी वर्षे कमी असतील, तितक्या वेळा रक्कम चार टक्क्यांनी घटते आणि प्रत्येक वेळची घट आधीच्या घटलेल्या रकमेवर मोजली जाते. वाढीव हप्त्यांची भरपाई आयुष्यभराच्या कपातीतून होत असल्यामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षी ती थांबत नाही.

आता तुझा हिशोब पाहू. अठ्ठावन्नाव्या वर्षी तुला ५,००० रुपये मिळतील असे धरले, तर आज चोपन्नाव्या वर्षी ते सुमारे ४,२४७ होतात, म्हणजे महिन्याला ७५३ रुपयांचा फरक पडतो. पण आज सुरू केल्यास अठ्ठावन्नपर्यंत तुझ्या हातात सुमारे २,०४,००० रुपये आलेले असतील. वाट पाहणाऱ्याला हे अंतर ७५३ रुपयांच्या हप्त्यांनी भरून काढायला साडेबावीस वर्षे लागतात, म्हणजे तो ऐंशीच्या पुढे जगला तरच फायद्यात राहतो. वाट पाहणे नेहमीच शहाणपणाचे असते असे मीही समजत होतो. हा हिशोब कागदावर मांडल्यावर माझे मत थोडे सैल झाले. अठ्ठावन्ननंतर साठपर्यंत थांबल्यास वर्षाला चार टक्के वाढ मिळते आणि ५,००० चे ५,४०८ होतात. पण सोडून दिलेले १,२०,००० रुपये वसूल व्हायला साडेचोवीस वर्षे जातात.

तरीही ऐंशीचा आकडा हा एकच निकष धरू नकोस. तुझे वडील आणि आजोबा किती वर्षे जगले ते तुला माहीत आहे. आणि वहिनींचा विचार कर: पेन्शन सुरू झाल्यावर तुला काही झाले, तर त्यांना तुझ्या चालू पेन्शनची निम्मी रक्कम मिळेल, म्हणजे २,५०० ऐवजी सुमारे २,१२४. याउलट अर्ज न करता वाट पाहत असताना तसे घडले, तर विधवा पेन्शन तू अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला असतास असे धरून ठरते, त्यामुळे थांबल्याने त्यांचा हक्क बुडत नाही. मुलीच्या लग्नाचे सावकारी कर्ज जर अजून डोक्यावर असेल, तर मात्र त्याच्या व्याजापुढे वर्षाची ही चार टक्के कपात किरकोळ आहे. तेव्हा पेन्शन आजच घेतलेली परवडेल.

माझ्या मते या सगळ्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा: तुला पुन्हा भविष्य निर्वाह निधी कापणारी नोकरी मिळू शकते का? पेन्शन ‘वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०’ या सूत्राने ठरते आणि त्यात वेतन १५,००० रुपयांपर्यंतच धरले जाते. त्या वेतनावर आणखी चार वर्षे सेवा जोडली, तर महिन्याला सुमारे ८५७ रुपयांची भर पडते आणि कपातही टळते, म्हणजे ४,२४७ च्या जागी ५,८५७. घटवलेली पेन्शन एकदा सुरू केलीस, तर पुढच्या नोकरीत पेन्शनचा वाटा जमाच होत नाही, हे बहुतेकांना फार उशिरा कळते.

म्हणून तुझ्या ओळखीच्या त्या गिरणीत जागा आहे की नाही, ते कळेपर्यंत पेन्शनच्या अर्जाचा फॉर्म १०-डी भरू नकोस. भरायची वेळ आलीच, तर मुदतपूर्व पेन्शन कोणत्या तारखेपासून हवी ते त्यात तुलाच लिहायचे असते. ती तारीख वहिनींना दाखवून मगच सही कर.

तुझा,
वसंत