तीन कड्यांचं दार

प्रिय विनू,

तुझा फोन झाला त्याच्याच रविवारी गावात जाऊन आलो. तू म्हणालास, "आईला चोरांची फार भीती बसली आहे, चार कॅमेरे लावून टाक, पैसे पाठवतो." कॅमेरे लावले नाहीत. का लावले नाहीत ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र.

सायंकाळी सहाला पोचलो. झाकट पडायची होती, तरी दार आतून बंद. काकूंनी आधी खिडकीतून नाव विचारलं, मग वरची कडी काढली, मग मधली, मग खालचा अडसर. ज्या ओसरीवर आपण भर दुपारी आंब्याच्या कोया फोडत बसायचो आणि कुणीही दार न वाजवता आत यायचं, त्याच घराचं दार हे.

मी विचारलं, "काकू, भेव वाटते का?"

"वाटते ना बाप्पा. रातभर वाटते."

पस्तीस वर्षं कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं, त्यामुळे एवढ्यावर थांबवेना. म्हटलं, गेल्या महिन्यात नेमकं कोणत्या रात्री वाटलं, ते आठवून सांगा. त्यांनी बोटांवर मोजलं. एकदा लाइन गेली आणि मागच्या बाजूला कुत्री भुंकली तेव्हा. एकदा मांजरानं डबा पाडला तेव्हा. एकदा दिवेलागणीला एक अनोळखी माणूस पत्ता विचारायला उभा राहिला तेव्हा. झाले तीन वेळा.

"मंग बाकीच्या राती?"

"झोपते ना. थकवा येते."

विनू, गुन्ह्याच्या भीतीचा जो अभ्यास होतो, त्यातली निम्मी गंमत इथंच आहे. १९८२ पासून ब्रिटनमध्ये गुन्ह्यांबद्दल एक मोठी पाहणी होते. तिच्यात लोकांना विचारतात की अंधार पडल्यावर या भागात एकट्यानं चालताना तुम्हाला किती सुरक्षित वाटतं. अमेरिकेतही असाच प्रश्न होता. फेरारो आणि लाग्रेंज या दोघा संशोधकांनी १९८७ साली त्यावर बोट ठेवलं: या प्रश्नात गुन्ह्याचं नावच नाही! मोतीबिंदू झालेला म्हातारा खड्ड्याच्या भीतीनंही "नाही वाटत" म्हणेल, आणि आपण ते चोरांच्या खात्यात मांडू. पुढच्या संशोधकांनी "गेल्या वर्षात किती वेळा भीती वाटली" असं विचारायला सुरुवात केली, तेव्हा भीतीचा आकडा बराच खाली आला. काकूंच्या "रातभर"चे तीन प्रसंग झाले ते तसेच.

तरी भीती खोटी नाही, हेही लिहून ठेवतो. मारहाण आणि लूटमार सगळ्यात जास्त सोसतात ती तरुण पोरं, म्हातारी माणसं सगळ्यात कमी. देशोदेशीच्या पाहण्यांत हेच दिसतं. मग घाबरतात म्हातारेच का? मार्क वॉर नावाच्या अभ्यासकानं १९८४ साली याचं जे उत्तर दिलं, ते मला काकूंच्या ओसरीवर जसंच्या तसं दिसलं. धोका तेवढाच वाटत असला तरी म्हाताऱ्यांच्या मनात त्याची भीती मोठी होते, कारण एका गोष्टीच्या मागं ते दुसरी जोडून पाहतात. आपल्या दारात कुणी भीक मागायला आला तर तो आपल्यासाठी भिकारीच. काकूंसाठी मात्र तो आत शिरणारा, ढकलणारा, पोत ओढणारा.

आणि ढकललं तर? गेल्या पोळ्याच्या आधी त्या न्हाणीत घसरल्या होत्या, आठवतं ना. नुसतं मुरगळलं होतं, तरी पंधरा दिवस खाटेवर होत्या. खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं हे त्यांनी शेजारच्या आजीचं पाहिलंय. ती पुन्हा उठलीच नाही. तुला धक्का बसला तर तू शिवी देऊन उठशील. त्यांच्यासाठी तोच धक्का म्हणजे उरलेलं आयुष्य. चोर येण्याची शक्यता त्या मोजतच नाहीत. तो आलाच तर आपलं काय होईल, एवढंच मोजतात. त्यात आपल्या बोळीत पूर्वी नऊ घरांत दिवा लागायचा, आता तीन घरांत लागतो. ओरडलं तर ऐकणार कोण?

एक गोष्ट मात्र आम्ही प्राध्यापक मंडळी घाईत विसरतो. म्हाताऱ्यांना धोका कमी, याचं एक कारण ते बाहेरच पडत नाहीत हेही आहे. काकूंनी मंगळवारचा बाजार सोडला, हरिपाठाला जाणं सोडलं. घरात बसलेल्या माणसाला रस्त्यावर कोण लुटणार? तेव्हा "भीती उगाच आहे" असं त्यांच्या तोंडावर म्हणू नकोस.

आता जरा कडू. त्यांनी मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला: साधूच्या वेशातली टोळी, गावोगाव फिरते, वगैरे. गाव कोणतं, साल कोणतं, काही नाही. पाठवणारा तूच होतास. "आई, सांभाळून राहा" असं खाली लिहिलेलं.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला काय झालं ते तुला माहीत आहे. पोरं पळवणारी टोळी आली, अशी अफवा मोबाइलवरून फिरत होती, आणि भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. काकूंच्या लहानपणी असे गोसावी, बहुरूपी, वासुदेव दारात आले की सुपातलं धान्य निघायचं. आता त्यांना पाहून कडी लागते. त्या दिवेलागणीच्या पत्तेवाल्याचंही मी विचारलं. तो विमा कंपनीचा माणूस होता, बाजूच्या वाडीत कापसाचं नुकसान पाहायला आलेला.

खरा चोर कसा येतो ते ऐक. पलीकडच्या आळीतल्या म्हातारीच्या दोन पाटल्या गेल्या, त्या दुपारी बाराला, उघड्या दारातून. दोन नीटनेटके पोरं भांडी चमकवायची पावडर घेऊन आले. आधी देव्हाऱ्यातला तांब्या फुकट घासून लखलखीत करून दिला. मग पायातलं चांदीचं जोडवं. मग म्हणाले, पाटल्याही द्या. हळदीच्या पाण्यात टाकून कुकरमध्ये ठेवल्या, झाकण लावलं, "दहा मिनिटं उघडू नका, चमक जाईल." दहा मिनिटांनी कुकरात हळदच होती. तिनं त्यांना चहासुद्धा पाजला होता. काही ठिकाणी तर सोनं विरघळवणाऱ्या आम्लात दागिना बुडवून परत देतात. हातात येतो तो हलका झालेला, आणि वजन केल्याशिवाय कळत नाही.

हे सांगितलं तर काकू म्हणाल्या, "ते तर चांगल्या घरचे पोट्टे दिसत होते म्हंते." त्यांच्या भीतीच्या यादीत हे पोट्टे नाहीतच. तुझ्या कॅमेऱ्यातही ते पाहुण्यासारखेच दिसले असते.

मी काय केलं ते लिहितो. दोन्ही कड्या आणि अडसर काढून टाकले. काकू रात्री न्हाणीत पडल्या तर तीन कड्यांमागं त्यांच्यापर्यंत पोचणार कोण? त्यांच्या जागी एक चांगलं कुलूप असं घेतलं की आतून लागतं आणि बाहेरून किल्लीनं उघडतं, आणि किल्ली समोरच्या घरच्या पोरीकडे दिली. न्हाणीत धरायला दांडा बसवला. बोळीतल्या खांबावरचा दिवा ग्रामपंचायतीत दोनदा जाऊन लावून घेतला. सोन्याबद्दल एकच सांगितलं: दारात आलेल्या माणसाच्या हातात अंगावरचं काही द्यायचं नाही, तो देवाचा तांब्या कितीही चमकवो.

मंगळवारी समोरच्या पोरीबरोबर त्या बाजारात गेल्या. वांगी महाग म्हणून आणली नाहीत, आणि याचा दोष मला दिला. तू फोन करशील तेव्हा वांग्यांचं विचार, चोरांचं नको. आणि तो व्हिडिओ ज्या ज्या माणसांना पाठवलास, त्यांना लिही की तो कुठला, कधीचा, काहीच माहीत नाही.

तुझा,
सुध्या