औषध ओकून टाकलं, आता परत द्यायचं का?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी थोडं हसू आलं. लेकीनं तापाचं औषध दहा मिनिटांत बाहेर काढलं आणि तुम्ही दोघं अर्धी रात्र वाद घालत बसलात! वहिनी म्हणतात परत द्या, तू म्हणतोस जास्त झालं तर? दवाखान्यात हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतंच. या खेपेला वहिनींचं बरोबर होतं, पण तुझी भीतीही उगाच नव्हती.

पातळ औषध पोटात फार वेळ रेंगाळत नाही. ते पुढे लहान आतड्यात जातं आणि तिथून रक्तात उतरतं. पाच-दहा मिनिटांत उलटी झाली, तर बहुतेक औषध बाहेर पडलेलं असतं. अर्ध्या तासानंतर मात्र बरंचसं आत गेलेलं असतं आणि किती गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पॅरासिटामॉलसाठी साधा हिशोब असा: उलटी अर्ध्या तासाच्या आत झाली तर तोच पूर्ण डोस एकदा परत द्यायचा, त्यानंतर झाली तर पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. उलटीत औषधाचा रंग नि वास स्पष्ट असेल तर खात्री वाढते. 'अर्धाच देऊ या' ही तडजोड करू नकोस, त्यानं ताप धड उतरत नाही आणि आपलाच हिशोब चुकतो. परत दिलेलंही बाहेर आलं तर तिसऱ्यांदा पाजायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

तुझ्या लेकीचंच बघ. वजन दहा किलो, किलोला १५ मिलिग्रॅम धरले तर डोस १५० मिलिग्रॅम. तुझ्याकडच्या बाटलीवर ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असं लिहिलंय, म्हणजे ३ मिली. (हेच १२० वालं सिरप असतं तर सव्वासहा मिली पाजावं लागलं असतं. बाटली बदलली की मिली बदलतात, तेवढं वाचत जा.) उलटी झाल्यावर तोंड पुसून तिला शांत होऊ द्यायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि परत ३ मिली द्यायचं. पुढच्या डोसचे चार ते सहा तास या दुसऱ्या खेपेपासून मोजायचे. चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत, आणि मी तरी त्यात ओकलेलाही धरतो.

हा हिशोब सगळ्याच औषधांना लावू नकोस, हे मात्र लक्षात ठेव. फिटचं औषध, हृदयाचं डिगॉक्सिन, अफूच्या जातीची वेदनाशामकं, यांत थोडं कमी-जास्त झालं तरी महागात पडतं. तिथं आधी फोन, मग डोस.

आता पाजण्याबद्दल. तू लिहिलंयस की वहिनी तिला आडवी धरतात, तू नाक दाबतोस आणि चमचा एकदम घशाशी नेतोस. अरे, मग उलटी होणारच! जिभेच्या मागच्या भागाला चमचा लागला की मूल ओकतं, आणि रडताना श्वास ओढला तर औषध श्वासनलिकेत जायची भीती. बिनसुईची सिरिंज आण. तिला मांडीवर ताठ बसव, सिरिंजचं टोक गाल आणि हिरडी यांच्या मधे सरकव आणि अर्धा-अर्धा मिली सोड. प्रत्येक वेळी गिळलेलं दिसू दे, मगच पुढचं. तीन मिलीला दोन-तीन मिनिटं लागली तर लागू देत. रडत असेल तर थांब. तापाचं औषध पोट तुडुंब भरल्यावर किंवा खोकल्याची उबळ येऊन गेल्यागेल्या देऊ नकोस. चव नकोशी वाटत असेल तर चमचाभर मऊ खाण्यात कालवून चालतं, पण दुधाच्या अख्ख्या बाटलीत मिसळू नकोस. ती अर्धी बाटली सोडून झोपली की किती औषध गेलं हे तुलाही कळणार नाही.

एवढं करूनही तोंडावाटे काही टिकतच नसेल, तर पॅरासिटामॉल गुदद्वारातून द्यायच्या सपोझिटरीच्या रूपातही मिळतं. वजनानुसार कोणती ते डॉक्टरांकडून ठरवून घे आणि ती दिली की सिरप द्यायचं नाही, औषध तेच आहे.

पाणीसुद्धा टिकत नसेल, सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल, मूल मलूल पडलं असेल किंवा उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, तर औषधाचा विचार सोड आणि तडक दवाखाना गाठ.

डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकचं नाव तू लिहिलं नाहीस. काही अँटिबायोटिक जेवणाच्या सुरुवातीला दिली की पोटाला कमी त्रास देतात, काही उपाशी पोटी द्यावी लागतात. बाटलीवरचं नाव आणि खालचे आकडे जसेच्या तसे कळव, म्हणजे नक्की सांगतो.

वहिनींना नमस्कार, लेकीला गोड पापा.

तुझा,
डॉक्टर मित्र