माल सुटतो नागपूरला, नोंद अडकते बंदरात

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री,
नवी दिल्ली

महोदया, नमस्कार.

हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात माझी छोटी जिनिंग आहे. कापसातली सरकी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या आणि जमेल तेव्हा एखाद-दोन कंटेनर थेट परदेशी व्यापाऱ्याला पाठवायचे, एवढाच माझा धंदा. कस्टम आपल्या खात्याखाली येतं, म्हणून हे पत्र रेल्वेमंत्र्यांना किंवा बंदरमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहितो आहे.

कस्टम कायद्याच्या कलम 7 मध्ये बंदरं आणि विमानतळांच्या जोडीला 'इनलँड कंटेनर डेपो'लाही जागा दिली आहे. त्यामुळे समुद्रापासून आठशे किलोमीटर आत असलेल्या नागपूरच्या बाजूच्या डेपोत निर्यातीचा कागद म्हणजे शिपिंग बिल दाखल होतं, माल तपासला जातो, कस्टमचं सील लागतं आणि माल बाहेर पाठवायची परवानगी, म्हणजे 'लेट एक्सपोर्ट ऑर्डर', मिळते. पुढे न्हावाशेव्याच्या जेएनपीए बंदरात तोच कंटेनर न उघडता जहाजावर चढतो. आयातीचा माल याच वाटेने उलटा येतो: बंदरात जहाजातून उतरतो, ट्रान्सशिपमेंटच्या परवानगीवर सीलबंद डब्यात डेपोपर्यंत पोचतो, आणि बिल ऑफ एंट्री भरून शुल्क इथेच भरलं जातं.

यात आमचा फायदा काय, ते सांगतो. एकदा तपासणीत गाठींची संख्या आणि पॅकिंग लिस्ट जुळेना. आमच्याच कारकुनाने दोन लॉटचे आकडे उलटसुलट लिहिले होते. माल नागपूरच्या बाजूला असल्यामुळे मी लॉटचं रजिस्टर पिशवीत घालून सकाळी निघालो, अधिकाऱ्यांसमोर गाठींवरचे नंबर वाचून दाखवले, दुरुस्तीचा अर्ज दिला आणि रात्री घरी जेवायला होतो. हाच घोळ न्हावाशेव्याला झाला असता, तर विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट, लॉजचं भाडं आणि तिथल्या यार्डाचं रोजचं भाडं, एवढं सगळं अंगावर आलं असतं. तालुक्याच्या गावात बसून निर्यात करणाऱ्याला हा आधार मोठा आहे, आणि त्यासाठी मी सरकारचा मनापासून आभारी आहे.

पण हे काम पूर्णपणे बंदरातून सुटलेलं नाही. शेवटचा एक कागद अजून तिकडेच आहे, आणि आमचा पैसा नेमका त्याच कागदावर अडतो.

गेल्या हंगामातलं माझं एक प्रकरण सांगतो. चाळीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे 170 किलोच्या दीडशे गाठी भरल्या, म्हणजे साधारण साडेपंचवीस टन रुई. 356 किलोची खंडी 55 हजार रुपये धरली, तर माल होतो 39 लाखांच्या वर आणि त्यावरचा पाच टक्के आयजीएसटी होतो जवळपास दोन लाख. निर्यातीवर हा कर परत मिळतो. त्यासाठी वेगळा अर्जही लागत नाही, शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज धरला जातो. मात्र तो अर्ज पुरा झाला असं तेव्हाच मानतात, जेव्हा 'एक्सपोर्ट जनरल मॅनिफेस्ट' म्हणजे ईजीएम दाखल होतं. माल खरोखर देशाबाहेर गेला, याची ती नोंद.

बंदरातूनच माल सोडला तर ईजीएम एकच असतं. डेपोतून सोडला की दोन लागतात. गाडी डेपोतून निघाली की एक स्थानिक ईजीएम भरलं जातं. जहाज सुटल्यावर शिपिंग लाइनने बंदरात दुसरं भरायचं असतं, त्याला गेटवे ईजीएम म्हणतात. संगणकाला ही दोन्ही एकमेकांशी जुळलेली दिसली पाहिजेत. शिपिंग बिलाचा नंबर, तारीख, डेपोचा कोड, कंटेनर नंबर यातलं काहीही चुकलं की पडद्यावर SB006 उमटतं. त्याचा अर्थ, गेटवे ईजीएम उपलब्ध नाही.

माझ्या बाबतीत गेटवे ईजीएममध्ये शिपिंग बिलाची तारीख एका दिवसाने चुकली होती. जहाज गेलं होतं, माल जहाजावर चढल्याचा कागद म्हणजे बिल ऑफ लेडिंग हातात होतं, खरेदीदाराने पैसेही दिले होते. माझा एजंट म्हणाला, "भाऊ, माल पोचला, पण आपल्या कस्टमच्या लेखी तो अजून गेलाच नाही." डेपोतल्या अधिकाऱ्यांनी सगळे कागद शांतपणे पाहिले आणि सांगितलं की ही दुरुस्ती त्यांच्या हातात नाही, शिपिंग लाइनने बंदरातल्या कस्टमकडे अर्ज करावा लागेल. लाइनच्या मुंबईतल्या माणसाला मी रोज फोन करत होतो. एका कंटेनरवाल्याचं काम त्याच्या यादीत कितवं असेल, ते आपणच समजून घ्या. एका अंकासाठी साडेतीन महिने गेले.

दोन लाख ही रक्कम दिल्लीतून लहान दिसेल. पण शेतकऱ्याकडून कापूस घेतला की त्यावरचा पाच टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने आम्हीच भरतो, आणि तो रोखीनेच भरावा लागतो. परताव्यात अडकतो तो हाच रोखीचा पैसा. हंगामात काट्यावर बैलबंडी आणि छोटा हत्ती रांगेत उभे असतात आणि चुकारा त्याच दिवशी हवा असतो. परतावा अडकला त्या आठवड्यात मी दोन दिवस खरेदी बंद ठेवली. फाटकावरून परत गेलेला शेतकरी जवळच्या व्यापाऱ्याला पडेल त्या भावात कापूस देऊन मोकळा झाला. कुणी म्हणेल, एलयूटी म्हणजे हमीपत्र देऊन कर न भरता निर्यात करा. पण साठलेल्या क्रेडिटचा परतावा मागतानाही ईजीएमचा नंबर आणि तारीख द्यावीच लागते.

आता आमच्या जिल्ह्यात सिंदी रेल्वेला ड्राय पोर्ट, म्हणजे असाच आतला डेपो, होण्याची आम्ही वाट पाहतो आहोत. जमीन, रूळ, यार्ड, क्रेन यावर बरंच बोललं जातं. माझी विनंती त्याहून साधी आहे. ज्या डेपोने लेट एक्सपोर्ट ऑर्डर दिली, त्याच डेपोच्या कस्टम अधिकाऱ्याला गेटवे ईजीएममधली अशी उघड कारकुनी चूक दुरुस्त करण्याचा अधिकार द्या. मूळ शिपिंग बिल त्याच्याकडे आहे, बिल ऑफ लेडिंग आम्ही नेऊन दाखवू, कंटेनर नंबर आणि सील जुळतं की नाही ते तो दहा मिनिटांत पाहू शकतो. जिथे कंटेनरच बदलला असेल किंवा वजनात फरक असेल, ती प्रकरणं खुशाल बंदराकडे ठेवा, तिथे फसवणुकीची शंका घ्यायला जागा आहे. तारखेच्या चुकीत ती नाही. आणि जहाज सुटल्यावर ठरलेल्या मुदतीत जुळणी झाली नाही, तर निर्यातदाराला आणि शिपिंग लाइनला एकाच वेळी संदेश जावा. मला ही चूक कळली ती परतावा का आला नाही म्हणून मी स्वतः विचारायला गेलो तेव्हा, जहाज सुटून सहा आठवडे झाल्यावर.

आणखी एक. सिंदीला कस्टमचा अधिकारी आठवड्यातून ठरावीक दिवशीच आला, तर तिथून निर्यात करणं आम्हाला परवडणार नाही. गाडी मंगळवारी आणि सही गुरुवारी, असं झालं की कंटेनर पुढच्या गाडीपर्यंत पडून राहतो आणि बंदरावरची जहाजाची कट-ऑफ वेळ हुकते. तसं एकदा झालं की लोक पुन्हा ट्रकने न्हावाशेव्याची वाट धरतील. म्हणून गाडीचं वेळापत्रक आधी ठरवा आणि अधिकाऱ्यांची ड्युटी त्याला जोडून लावा.

आमच्याकडे कापूस दिवाळीच्या आगेमागे जिनिंगला यायला लागतो. दुरुस्तीच्या अधिकाराचं परिपत्रक त्याआधी निघालं, तर याच हंगामात त्याचा उपयोग होईल. माझ्या प्रकरणाचे सगळे कागद, दोन्ही ईजीएमच्या प्रतींसह, मी नीट लावून ठेवले आहेत. आपल्या कार्यालयाने मागवले तर त्याच दिवशी पाठवतो.

आपला नम्र,
हिंगणघाट तालुक्यातला एक जिनिंगचालक
जि. वर्धा